पोराचे मार्क घसरलेत आणि पालक येणार आहेत, नवीन टीचर लोकांसाठी बैठकीची तयारी आणि बोलायचं कसं त्याचा नमुना

मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते, बारा वर्षं झाली. पहिल्या वर्षी एका पोराच्या वडिलांना मी शाळेच्या व्हरांड्यातच, चार पालक उभे असताना, "तुमचा मुलगा फार मागे पडलाय हां, लक्ष द्या जरा" असं म्हणून मोकळी झाले. मला वाटलं खरं ते सांगितलं. घरी त्या पोराला पट्ट्यानं मारलं, चार दिवस शाळेत आलं नाही, आणि आलं तेव्हा माझ्याकडं बघेना. पुढच्या वर्षी मी उलटं केलं, सगळ्यांना "हुशार आहे हो, थोडं लक्ष दिलं की झालं" असंच सांगत सुटले, मग मार्चमध्ये एक आई येऊन म्हणाली, टीचर, तुम्ही तर म्हणाला होता चांगलं चाललंय म्हणून. दोन्ही वेळा चूक माझीच.

आता नवीन जॉइन झालेल्या पोरी मला विचारतात, दसऱ्याची सुट्टी संपली, एसए वन चे, म्हणजे सहामाहीचे, पेपर वाटायचे, पालक येणार, बोलायचं काय? म्हणून मी एकाच पोराची केस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगते. सहावीतलं पोरगं, गणितात घसरलेलं. त्याला इथं बाळू म्हणूया, खरं नाव नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, पालकांना भेटून हजेरी, शिकायची क्षमता आणि प्रगती सांगणं हे आरटीई कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं काम म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे आपण कोणावर उपकार करत नाही आणि तक्रार करायला पण बोलवत नाही. हे डोक्यात पक्कं असलं की आवाज आपोआप बरोबर लागतो.

जवळ काय काय पाहिजे

- त्या पोराचे यंदाचे सगळे पेपर, नुसते मार्क नाही, तपासलेले पेपरच
- त्याची गणिताची वही (घरची आणि वर्गातली, दोन्ही)
- यंदाचं हजेरीपुस्तक, आणि जमलं तर मागच्या वर्षीचं पण
- एक कोरा कागद आणि पेन, पालकांसमोर लिहायला
- त्या पोरानं चांगलं केलेलं एक काम, हातात धरून दाखवता येईल असं

प्रगतीपत्रक मी शेवटी काढते. त्यात ग्रेड असतात आणि आमच्याकडं बी प्लस म्हणजे ५० ते ६९. म्हणजे पोरगं ६८ वरून ५१ वर आलं तरी कागदावर बी प्लस ते बी प्लसच. वडील म्हणतात, आहे तसंच आहे की. म्हणून ग्रेडवर बोलायला जाऊच नका.

१. आधी घसरण नेमकी कुठं आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथं घालवायचा, बैठकीत नाही. "गणितात कच्चा आहे" हे वाक्य घेऊन बसलात तर पालकांना करण्यासारखं काहीच उरत नाही, ते एक तर पोराला मारतात नाहीतर ट्यूशन लावतात.

बाळूचे मार्क असे होते. एफए वन ला, म्हणजे पहिल्या चाचणीला, २० पैकी १६, एफए टू ला २० पैकी १३, एसए वन ला ४० पैकी १८. आता बघा यात फसायला काय आहे ते, शेवटचा आकडा १८ आहे, म्हणजे १६ पेक्षा जास्त. आपल्याला माहीत असतंय की पेपर ४० चा होता, पण बाळूचे वडील मला आधी फोनवर म्हणालेच होते, "वाढलेत की टीचर!" म्हणून पहिलं काम, सगळे मार्क एकाच मापात आणा. मी २० पैकी करून घेतले, १६, १३, ९. आता कोणालाही दिसतंय.

मग लाल पेन बाजूला ठेवून पेपर परत वाचायचा. ४० पैकी २२ मार्क गेले होते, मी प्रत्येक गेलेल्या मार्कासमोर कारण लिहीत गेले. १५ मार्क अपूर्णांकाच्या गणितात गेलेत, ४ घाईत उतरवताना चूक झाली म्हणून, ३ चं गणित सोडूनच दिलंय. भूमितीला पूर्ण मार्क. गुणाकार, भागाकार बरोबर. म्हणजे गणितात कच्चा नाहीच हा, अपूर्णांकात अडकलाय.

आणि अडकलाय कुठं ते वहीत सापडलं. पानभर एकच चूक, अक्षर एकदम सुंदर, खाली रेघ मारलेली,

१/२ + १/३ = २/५

वरचे दोन मिळवले, खालचे दोन मिळवले. ही चूक आळशी पोरं करत नाहीत, हे ध्यानात घ्या. त्यानं एक नियम धरलाय आणि तो नीट पाळलाय, फक्त तो नियम चुकीचा आहे. आळशीपणाच्या चुका दर वेळी वेगळ्या असतात, आणि न समजल्याच्या चुका दर वेळी सारख्याच. ही एवढी खूण लक्षात ठेवली तरी निम्म्या केसेस सुटतात.

मग मागच्या वर्षीचं हजेरीपुस्तक काढलं. पाचवीत अपूर्णांक शिकवला तो नोव्हेंबर, आणि त्या महिन्यात बाळू २२ पैकी ९ दिवस हजर. आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे भाताची सुगी. मला पुढचं विचारायची गरजच नव्हती, तरी विचारायचं असतंय, कारण आपला अंदाज चुकू शकतो.

जाता जाता एक, फळ्यावरचं मागच्या बाकावरून वाचायला लावून बघा. दोनदा माझ्या वर्गात "अभ्यास उतरलाय" म्हणून जे पोरगं होतं त्याला चष्मा लागला होता.

२. पालकांच्या आधी पोराशी बोला

हे बहुतेकजण सोडतात. बाळूला मधल्या सुट्टीत, जेवण झाल्यावर, वही घेऊन बसवलं आणि एवढंच म्हणलं, हे कसं केलंस मला सांग. "का चुकलं" असं विचारायचं नाही, मग ते गप्प होतंय. त्यानं सांगितलं, वरचे वर मिळवायचे, खालचे खाली. कोणी शिकवलं? "कोणी नाही, मीच केलो."

मग मागच्या नोव्हेंबरचं विचारलं. आई सुगीला जात होती, बारकी बहीण घरात, तिला बघायला हा.

शेवटी त्याला सांगायचं की तुझ्या आई-बाबांना बोलावणार आहे आणि त्यांना काय सांगणार आहे ते पण सांगायचं. मी म्हणलं, तुझे पाढे पक्के आहेत हे सांगणार, आणि अपूर्णांक राहून गेलाय हे पण सांगणार. चालेल ना? पोरगं मान हलवतंय. पाठीमागून आपलं काय बोलणं होणार या भीतीनं पोरं दोन-तीन दिवस शाळाच चुकवतात, ते यानं टळतंय.

३. निरोप

"पालकांना घेऊन ये" असं पोराजवळ सांगून पाठवू नका. एक तर ते सांगतच नाही, आणि सांगितलं तर घरात पहिला प्रश्न "काय केलास?" हाच. स्वतः फोन करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नाही, तिथं सगळी गल्ली वाचते.

फोनवर मी हे बोलले,

"नमस्कार, मी बाळूची टीचर बोलालोय शाळेतून. काळजीचं काही नाही, बाळू बरा आहे, वर्गात आहे. त्याच्या गणिताबद्दल तुमच्याशी पंधरा-वीस मिनिटं बसून बोलायचं होतं. त्यानं काही खोडी केलेली नाही. तुम्हाला आणि वहिनींना कधी जमेल?"

"बरा आहे" हे दुसऱ्याच वाक्यात आलं पाहिजे. शाळेतून दिवसा फोन आला की आईच्या काळजात धस्स होतंय, ते खाली बसल्याशिवाय पुढचं काही ऐकूच जात नाही.

वेळ त्यांची बघा. बाळूचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत, त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणजे सकाळी मोकळे. आई शेतात, पण सकाळी नऊला येऊ शकत होती. मी प्रार्थनेआधीची वेळ दिली. ज्यांचे वडील गोव्यात कामाला असतात, पंधरा दिवसांनी येतात, तिथं आईला किंवा आजोबांना बोलवा, वडिलांसाठी महिनाभर थांबू नका. आणि एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, मीटिंगला आलेत तर तिथंच उरकून घेऊ असं करू नका, ती शाळेची मीटिंग आहे, एका पोराचे मार्क तिथं काढायचे नाहीत.

४. बसायचं कुठं

रिकामा वर्ग, दार उघडं, पण व्हरांड्यात कोणी नसेल असं. टेबलाच्या पलीकडं आपण आणि अलीकडं ते असं नको, एकाच बाजूला बसा, कारण पेपर दोघांनी मिळून बघायचाय. पोरांच्या बुटक्या बाकावर मोठी माणसं अवघडून बसतात, खुर्च्या आणून ठेवा. पाणी ठेवा. झालं.

५. प्रत्यक्ष बोलणं

मी खाली जवळजवळ जसं झालं तसं लिहिते, मधेमधे मी तसं का बोलले ते पण. शब्द पाठ करू नका, क्रम तेवढा धरा.

*सुरुवात.*

मी: "या काका, या वहिनी, बसा. शिफ्ट संपवून झोप तरी झाली काय? आलात, बरं वाटलं. आधी तुम्हीच सांगा, घरात बाळू अभ्यासाबद्दल काय बोलतो?"

आधी त्यांना बोलू द्या. दोन मिनिटं तरी. आईनं सांगितलं, "पुस्तक घेऊन तर बसतंय टीचर. पण गणित म्हणलं की पोटात दुखतंय म्हणतंय." हे मला माहीतच नव्हतं! पेपरात पोटदुखी दिसत नाही.

*चांगलं, पण खरं.*

मी: "हे बघा त्याचा भूमितीचा प्रश्न, पूर्ण मार्क. आणि पाढे त्याचे पंधरापर्यंत न अडखळता येतात, माझ्या वर्गात असे सात-आठच आहेत."

इथं मोठा सापळा आहे. "पोरगं गुणी आहे, स्वभाव चांगला आहे" असलं कौतुक पालक लगेच ओळखतात, आता पुढं "पण" येणार म्हणून वाट बघत बसतात. मी मुद्दाम पाढे घेतले कारण पुढच्या उपायात ते लागणार आहेत. कौतुक असं निवडायचं की ते पुढं कामाला येईल.

*मग खरी गोष्ट, सरळ.*

मी: "आता ज्यासाठी बोलावलं ते सांगते. गणितात बाळू यंदा खाली आलाय. सगळे मार्क मी २० पैकी करून लिहिलेत, बघा, जूनपासून १६, मग १३, आता ९."

आणि मग गप्प बसायचं. खरंच गप्प. मला सुरुवातीला हे जमायचंच नाही, शांतता झाली की मी घाबरून "पण काही काळजी करू नका हो" असं घालायचे आणि सगळं पाणी व्हायचं. आकडा त्यांच्या डोक्यात उतरायला दहा सेकंद लागतात, ते द्या.

वडील: "पण हितं १८ लिहिलंय की."

मी: "बरोबर विचारलात. तो पेपर ४० चा होता. ४० पैकी १८ म्हणजे निम्म्यापेक्षा कमी. आधी २० पैकी १६ होते, तेव्हा चारच मार्क गेले होते."

वडील: "मग असं कसं झालं? मोबाईल! दिवसभर मोबाईल. मी म्हणालो होतो हिला."

आई खाली बघाया लागली. आता हे भांडण तिथंच वाढू शकतंय, तेव्हा कागदाकडं वळायचं.

मी: "मोबाईलचं आपण बोलूया काका, पण आधी एक दाखवते. यात मोबाईलचा हात किती आहे ते तुम्हीच ठरवा."

*चूक दाखवायची, ती पण अशी की शाळा न शिकलेल्या माणसाला कळावी.*

वहीतलं ते पान उघडलं. आई चौथीपर्यंत शिकलेली. मी कोऱ्या कागदावर गोल काढला.

मी: "वहिनी, ही भाकरी समजा. अर्धी भाकरी ताटात आहे. त्यात अजून एक तुकडा घातला, तिसरा हिस्सा. आता ताटात अर्धीपेक्षा जास्त झाली का कमी?"

आई: "जास्तच की."

मी: "बाळूनं उत्तर लिहिलंय पाचातले दोन तुकडे. म्हणजे भाकरीचे पाच सारखे तुकडे केले आणि त्यातले दोन घेतले. अर्धी व्हायला किती पाहिजेत?"

आई: "अडीच." मग लगेच हसली. "अगंबाई, घालून कमी झाली होय!"

त्या एका क्षणासाठी मी वही आणली होती. आईला चूक कळली, म्हणजे आता ती घरात जाऊन "अभ्यास कर, अभ्यास कर" म्हणणार नाही, भाकरीचं विचारेल.

*कारण सांगताना दोष लावायचा नाही.*

मी: "त्यानं हे आळसानं केलेलं नाही. पानभर एकसारखी चूक आहे, म्हणजे त्याला तसंच वाटतंय. हा धडा पाचवीत झाला, नोव्हेंबरात. तेव्हा तो २२ दिवसांतले ९ दिवस शाळेत होता. बाकीच्या दिवसांत शिकवलेलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. आणि ते आम्ही पण तेव्हा भरून घ्यायला पाहिजे होतं, ते राहिलं."

बघा, "तुम्ही त्याला घरी ठेवलं" असं मी म्हणलं नाही. तारीख आणि दिवस ठेवले, आणि शाळेचा वाटा कबूल केला, तो होताच. आई आपणहून म्हणाली, "सुगी होती टीचर. बारकीला कोण बघणार." आपण आरोप केला असता तर हेच वाक्य भांडणाच्या सुरात आलं असतं.

*पुढं काय होईल ते पण सांगा, लपवू नका.*

मी: "हे आत्ता नीट केलं नाही तर दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर सगळं यावरच उभं आहे, ते पण अडणार, आणि सातवी-आठवीत त्याला गणितच नको वाटेल. आत्ता केलं तर एकच धडा आहे. आणि वेगवेगळे छेद सारखे करायला पाढेच लागतात, ते त्याला येतातच. निम्मं काम झालेलं आहे."

पाढे आले का परत? म्हणून वर म्हणलं.

*ठरवायचं, कोण काय करणार.*

मी: "मी आठवड्यात तीन दिवस, प्रार्थनेआधी पंधरा मिनिटं त्याला घेईन. अजून चार पोरं आहेत तशीच, एकटा नाही तो. तुमच्याकडून दोनच गोष्टी पाहिजेत. एक, सुगीत त्याला शाळेत पाठवायचं, बारकीला अंगणवाडीत ठेवता येईल काय बघा. दोन, रात्री जेवताना एक प्रश्न, भाकरीचा, दुधाचा, कशाचा पण. अर्धा लिटर आणि पाव लिटर मिळून किती, असा. उत्तर चुकलं तर ओरडायचं नाही, तुकडे करून बघायला लावायचं."

दोनच. पाच कामं सांगितली तर एक पण होत नाही.

*शेवटी त्यांच्या तोंडून ऐका.*

मी: "आता घरी गेल्यावर बाळूला काय सांगणार तुम्ही?"

हा प्रश्न मी कधीच सोडत नाही. वडील म्हणाले, "सांगणार, गणितात नापास होशील म्हणून." बघा, वीस मिनिटं बोलून हे राहिलं डोक्यात! मग मी परत सांगितलं, "नापास नाही काका, एक धडा राहिलाय, तो भरून काढायचाय, आणि पाढे येतात म्हणून लवकर जमेल, एवढंच सांगा." त्यांना एकदा म्हणून दाखवायला लावलं. थोडं हसले, पण म्हणाले.

६. अवघड वाक्यं, आणि मी काय म्हणते

"मारा टीचर, दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही." हे आमच्याकडं प्रेमानंच म्हणतात. मी म्हणते, "मारायला कायद्यानंच बंदी आहे काका, आणि मारून अर्धी भाकरी मोठी होत नाही." आणि घरी पण मारायचं नाही हे तिथंच स्पष्ट बोलून घ्या, सुचवून सोडू नका. मी सरळ म्हणते, या कागदावरून त्याला मार बसला तर पुढच्या वेळी तो मला वही दाखवणार नाही, मग मला पण काही कळणार नाही.

"कन्नड मिडियमला घालू काय? इंग्लिशला घालू काय?" हा प्रश्न सीमाभागात येणारच, आणि यावर आपण तावातावानं भाषण द्यायची वेळ ही नव्हे. मी एवढंच विचारते, छेद सारखे करणं त्याला मराठीत समजलेलं नाही, तेच दुसऱ्या भाषेत सोपं होईल काय? आधी हे भरून काढू, मग जूनमध्ये शांतपणे ठरवा, घरचा निर्णय आहे. मात्र पोरगं फक्त कन्नड विषयातच घसरलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं मी कन्नडच्या टीचरना पण बसवून घेते.

"शेजारच्या पोरीला किती पडले?" सांगू नका. कितीही ओळखीचे असले तरी. "तिचं तिच्या आईला सांगेन, बाळूचं तुम्हाला."

"ट्यूशन लावू काय?" ट्यूशनमध्ये सहावीचा चालू धडा घेतात, याचं राहिलंय पाचवीचं. तीन आठवडे थांबा म्हणते.

आई रडली तर पाणी द्या, थांबा, "रडू नका" म्हणू नका. आणि वडील चिडून उठलेच तर अडवू नका, कागद हातात द्या आणि "परवा फोन करते" म्हणा. दोनदा असं झालंय माझ्याकडं, दोन्ही वेळा नंतर आई एकटी आली.

७. हातात कागद द्या

बोललेलं घरी जाईपर्यंत बदलतंय. मी वहीचं अर्धं पान, मोठ्या अक्षरात, मराठीतच लिहून देते, शाळेचे निम्मे कागद कन्नडमध्ये असतात ते घरात कोणाला वाचता येत नाहीत. बाळूच्या कागदावर हे होतं,

"बाळूचे पाढे आणि भूमिती पक्की आहे. अपूर्णांकाची बेरीज राहिली आहे. टीचर: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी १५ मिनिटं. घर: सुगीत रोज शाळा, आणि रात्री एक प्रश्न. तीन आठवड्यांनी १० गणितं घेऊन बघू."

त्याचीच एक नक्कल आपल्या वहीत, तारीख घालून. हा कागद बाळू वाचणार हे धरूनच लिहा. तो वाचतोच.

८. तीन आठवड्यांनंतर

दहा गणितं, सगळी तशाच प्रकारची, वेगवेगळ्या छेदांची बेरीज. दहापैकी सात आली तर धडा बसला असं मी धरते. पण मार्कांपेक्षा एक खूण जास्त खात्रीची, गणित करायच्या आधीच त्याला विचारा, उत्तर अर्ध्यापेक्षा मोठं येणार का लहान? हे बरोबर सांगता आलं तर समजलंय, नाहीतर रीत पाठ केलीय आणि महिन्यात विसरणार.

बाळूला पहिल्या वेळी दहापैकी चार आली. मी फोन करून चारच सांगितली, सहा नाही सांगितली, पण हे पण सांगितलं की आधी एक पण येत नव्हतं आणि आता खालचे आकडे मिळवायचं त्यानं सोडलंय. पंधरा मिनिटं तशीच चालू ठेवली. सुगीत मधे दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी वडीलच मोटरसायकलवरून सोडून गेले. अजून दोन आठवड्यांनी सात आली.

दुसरी बैठक दहा मिनिटांत होते. जुना कागद काढायचा, ठरलेलं काय काय झालं त्याच्यावर खूण करायची, जे झालं नाही ते पण लिहायचं, आपल्याकडून राहिलं असेल तर तेही. या वेळी बाळूला पण बसवलं मधे. वडील मोबाईलवर परत आले, मी म्हणलं आता बोलूया, आणि बाळूनंच सांगितलं की जेवताना आईचा प्रश्न असतोय तेव्हा मोबाईल बाबांच्या हातात असतोय.